फोर्टिफाइड पोळी खाऊन हिमोग्लोबिन वाढतं का? कट्ट्यावर झालेली हाणामारी (तोंडी)

वाद सुरू झाला वैशूच्या रिपोर्टवरून. हिमोग्लोबिन १०.४. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात दम लागतो, पाय भरून येतात, आधी जिथे आरामात पळायची तिथे आता चालावं लागतं, म्हणून तिने टेस्ट केली. यावर मन्याचं उत्तर तयारच होतं (मन्याचं उत्तर कायम तयार असतं, प्रश्न काहीही असो). म्हणाला, "गोळ्याबिळ्या नको घेऊस, पोट बिघडतं. घरी सगळं फोर्टिफाइड आण, म्हणजे वरून लोह-व्हिटॅमिन घातलेलं, आटा, तेल, मीठ. तो निळा प्लस एफचा शिक्का बघून घ्यायचं. तीन महिन्यात बघ, चित्त्यासारखी पळशील."

निखिलचं किराणा दुकान आहे, त्याने लगेच अडवलं. "अरे तेलात लोह कुठेय? पाऊच वाच की एकदा. व्हिटॅमिन ए आणि डी असतं, बास."

मन्या दोन मिनिटं गप्प. पण हे खरंय, बऱ्याच लोकांना वाटतं की फोर्टिफाइड म्हणजे सगळ्यात लोह. प्रज्ञाताई डाएटिशियन आहे, ती म्हणाली की तेलाचा संबंध अगदीच नाही असं पण नाही, व्हिटॅमिन ए कमी असेल तर साठ्यातलं लोह नीट वापरलं जात नाही. पण दिवसाचं पंचवीस एक मिली तेल धरलं तर त्यातून ए ची गरज साधारण पाचवा-चौथा हिस्सा भागते, डी ची पण तेवढीच. त्यात तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ए उडतं, म्हणजे वडेवाल्याच्या कढईतून फारसं मिळेल अशी आशा नको. तेल बाजूला ठेवलं.

"बरं मग आटा," मन्या सावरला. "आट्यात तर लोह आहे ना?"

आहे. पण निखिलने विचारलं, "वैशू, तुमच्याकडे आटा कुठून येतो?" ती म्हणाली गिरणीतून, आई गहू निवडून दळून आणते. संपला विषय! साताऱ्यात किती घरात अजून डबा घेऊन गिरणीत जातात बघा, आणि गिरणीवाला काही त्यात प्रिमिक्स टाकत नाही. भाकरीचं तर विचारूच नका, ज्वारी-बाजरीचं पीठ कोण फोर्टिफाय करतंय. फोर्टिफाइड आटा मिळतो तो पाकिटातला, आणि पाकिटातला प्रत्येक आटा पण फोर्टिफाइड नसतो, शिक्का बघावाच लागतो.

सुहासदादा इतका वेळ चहा पीत ऐकत होता. तो लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हिशोबाशिवाय बोलत नाही. म्हणाला, समजा तिने पाकीट आणलं. एफएसएसएआयच्या नियमात किलोला लोह किती टाकायचं ते ठरलेलं आहे. साधे क्षार असतील तर २८ ते ४२.५ मिलिग्रॅम, सोडियम आयर्न ईडीटीए असेल तर १४ ते २१.२५. दुसऱ्यात आकडा निम्मा दिसतो पण तो उगाच नाही, पोळीच्या आट्यात कोंडा असतो, कोंड्यातलं फायटेट साधं लोह पकडून ठेवतं आणि ते तसंच बाहेर जातं. ईडीटीएवालं लोह त्यातून बऱ्यापैकी सुटतं, शोषण दोन-तीन पट. म्हणून पाकिटावर नुसतं "आयर्न" बघू नका, कुठलं आयर्न ते बघा.

"चार पोळ्या म्हणजे १२० ग्रॅम आटा," त्याने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. "किलोला २० मिलिग्रॅम धरलं तर झालं २.४ मिलिग्रॅम. त्यातलं आठ टक्के अंगाला लागलं तर ०.२. आता मीठ. डबल फोर्टिफाइड मिठात, म्हणजे आयोडीनबरोबर लोहही घातलेल्या, ग्रॅमला साधारण एक मिलिग्रॅम लोह असतं. दिवसाला आठ ग्रॅम मीठ खातेस असं धरू (खाऊ नकोस, पण आपण सगळे खातो), तर ८ मिलिग्रॅम, पाच टक्के शोषलं तर ०.४. दोन्ही मिळून ०.६ मिलिग्रॅम रोज, जास्तीचं."

मन्या म्हणाला, "मग? रोज मिळतंय की!"

"थांब. तिला १०.४ वरून १२.४ वर जायचंय. ५५ किलोच्या बाईत रक्त साडेतीन लिटरच्या आसपास. प्रत्येक डेसिलिटरला दोन ग्रॅम हिमोग्लोबिन वाढवायचं म्हणजे एकूण ७० ग्रॅम, आणि एका ग्रॅमला ३.४ मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे जवळपास २४० मिलिग्रॅम. भाग ०.६ ने."

चारशे दिवस. आणि हे कधी, तर बाकीचं जेवण तिचा रोजचा खर्च बरोब्बर भागवत असेल आणि साठा भरायला एक मिलिग्रॅम पण वेगळं काढायचं नसेल तर. प्रज्ञाताईने मध्येच दुरुस्ती केली, की लोह कमी असलं की आतडं स्वतःहून जास्त ओढतं, त्यामुळे दुप्पट शोषण धरा, मग सहा-सात महिने. ठीक आहे, धरले. पण मग तिनेच वैशूला हळूच विचारलं की पाळी कशी असते, आणि वैशू म्हणाली की दोन वर्षं झाली, फार जाते. महिन्याला ८० मिली गेलं तर तिच्या आत्ताच्या हिमोग्लोबिनला त्यात २८ मिलिग्रॅम लोह जातं, रोजचं ०.९. म्हणजे पोळी आणि मीठ मिळून पहिल्या हिशोबाने जेवढं देणार त्याहून जास्त नुसतं पाळीतच चाललंय. इथे सगळेच गप्प झाले जरा.

माझं मत मी तिथेही सांगितलं आणि इथेही सांगतो. फोर्टिफिकेशन म्हणजे रिकरिंग डिपॉझिट आहे, त्यातून अंगावरचं कर्ज फिटत नाही. अॅनिमिया झाला असेल तर ते कर्ज आहे, त्याला गोळी. ६० मिलिग्रॅमची सरकारी गोळी, दहा टक्के जरी लागली तरी ६ मिलिग्रॅम, म्हणजे मीठ-पोळीच्या दहापट. पोटात जळजळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घेता येते, आणि तशी घेतली तर प्रत्येक गोळीतलं शोषण उलट सुधारतं.

मन्या हरणाऱ्यातला नाही. "म्हणजे सगळं थोतांड?"

नाही ना! इथे प्रज्ञाताई फोर्टिफिकेशनच्या बाजूने उभी राहिली आणि मला ते पटलं. तिने दार्जिलिंगच्या चहामळ्यातल्या बायकांचा अभ्यास सांगितला, २०१४ मध्ये छापलेला. दिवसभर चढावर पाठीला टोपली लावून पानं खुडायची, म्हणजे आपल्या यवतेश्वरपेक्षा जास्तच कष्ट. दोनशेच्या वर बायका, अर्ध्यांना डबल फोर्टिफाइड मीठ, अर्ध्यांना साधं आयोडीनवालं, साडेसात ते नऊ महिने. हिमोग्लोबिनमध्ये फरक पडला सरासरी ०.२४ ग्रॅमचा, म्हणजे रिपोर्टवर तुम्हाला दिसणार पण नाही, पण फेरिटिन, म्हणजे रक्ताच्या टेस्टमध्ये लोहाचा साठा दाखवणारा आकडा, आणि अंगातला एकूण साठा स्पष्ट वाढला. आणि व्यायाम करणाऱ्याला तेच महत्त्वाचं आहे, कारण लोह फक्त रक्तात नाही, स्नायूत पण लागतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी हिमोग्लोबिन नॉर्मल पण लोह कमी अशा तरुणींना सहा आठवडे गोळ्या दिल्या आणि त्यातले शेवटचे चार आठवडे सायकलवर ट्रेनिंग दिलं, तर ज्यांना खरी गोळी मिळाली त्यांना त्याच ट्रेनिंगचा फायदा जास्त झाला. ज्यांचं हिमोग्लोबिन १२.३ आहे आणि फेरिटिन मात्र घसरत चाललंय अशांना मीठ-आटा आधार देऊ शकतो.

निखिल म्हणाला, "पण बिहारमध्ये चाललं नाही ना ते मीठ?" हो, तेही खरं. चारशे गावांत प्रयोग केला होता, निम्म्या किमतीत मीठ दुकानात ठेवलं, तरी बऱ्याच घरांनी घेतलंच नाही आणि अॅनिमियावर एकूण काही फरक दिसला नाही. निखिलचा स्वतःचा अनुभव, लोक परत आणून देतात, "मीठ पिवळं पडलंय, काळे ठिपके आहेत" म्हणून. लोहामुळे तसं होऊ शकतं, पण गिऱ्हाइकाला कोण समजावणार.

आट्याचा पण एक अभ्यास चांगला निघालाय, बंगळूरच्या शाळकरी मुलांचा. सात महिन्यात लोहाची कमतरता ६२ टक्क्यांवरून २१ वर. पण त्या आट्यात किलोला ६० मिलिग्रॅम ईडीटीएवालं लोह होतं! आपल्या पाकिटात जास्तीत जास्त २१. कंपनीवाले जाहिरातीत असा अभ्यास दाखवतील तेव्हा हा आकडा विचारा.

मग वैशूने कामाचा प्रश्न विचारला. "पळण्याने वेगळं काही होतं का?" होतं. जोरात किंवा लांब पळालं की हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढत जाऊन तीन ते सहा तासांनी सगळ्यात वर पोचतं आणि ते आतड्याचं दार लावून घेतं. म्हणजे सकाळी दोन तास पळून, साडेदहाला गोळी, वर कडक चहा, हे तीनही उलटं. गोळी पळायच्या आधी किंवा पळून आल्या आल्या, लिंबू-पाण्याबरोबर, चहा तास-दीड तासाने. (हे ऐकताना सगळ्यांच्या हातात चहाच होता, कोणी ठेवला नाही.) आणि घाम येतो म्हणून लोहाचं मीठ जास्त खाऊन बघू, हे डोक्यातून काढा, लोह वाढायच्या आधी बीपी वाढेल.

बी-१२ चं पण मन्याने काढलंच, आट्यात असतं म्हणून. असतं, किलोला एक मायक्रोग्रॅम. चार पोळ्यांत ०.१२, गरज दोन-अडीच. शाकाहारी माणसाने त्याच्या भरवशावर राहू नये.

शेवटी सुहासदादा म्हणाला की हे सगळं आपण गृहीत धरून बोलतोय की लोहच कमी आहे. नुसतं हिमोग्लोबिन बघून ते कळत नाही. थॅलेसेमिया मायनर असेल तर हिमोग्लोबिन दहाच्या आसपास, पेशी लहान, आणि फेरिटिन मात्र व्यवस्थित, मग लोह ओतून काही होत नाही. आणि विदर्भ, नंदुरबारकडच्या घरातलं कोणी सिकलसेलवालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाचं काही सुरू करू नये. म्हणून सीबीसीबरोबर फेरिटिन कर. १५ च्या खाली आलं तर लोहाची कमतरता पक्की, पळणाऱ्यांच्यात तर तिशीच्या खाली आलं तरी लक्ष देतात. फक्त सर्दी-ताप असताना करू नकोस, फेरिटिन खोटं वर दिसतं.

वैशू उद्या सकाळी न पळता लॅबला जातेय आणि प्रज्ञाताईने तिला आधी बायकांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायला लावलीय, तिथेच, फोन हातात देऊन. मन्याचं म्हणणं अजून तेच, "पण मीठ बदलायला काय हरकत आहे?" काही हरकत नाही रे, बदल की. निखिल म्हणतोय कट्ट्यातल्या दहा घरांनी घेतलं तर तो बॉक्स मागवतो, पिवळं पडलं म्हणून परत घेणार नाही ही अट.