सर्व्हरवर सगळं असतंच का? कुपवाडच्या एका काटा-पावतीची गोष्ट

«चौकशी चालू आहे, मेल आणि रेकॉर्ड डिलीट करू नका, असं पत्र ऑफिसात आलं तर घाबरू नका. ते ज्यांच्यावर संशय आहे त्यांच्यासाठी असतं. आपण साफ केलं तरी सर्व्हरवर सगळं असतंच. कामाचं वाटेल त्याचा स्क्रीनशॉट काढा, बाकी उडवा. आणि मोबाईल आपला आहे, त्याच्याशी कंपनीचा संबंध नाही.»

हे माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आलं. मी सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातल्या कारखान्यांचं इंटर्नल ऑडिट करतो, त्यामुळे असली पत्रं काढायला लावणाऱ्यांपैकी मीही एक. घाबरू नका, एवढा भाग बरोबर आहे. बाकीच्याबद्दल एक प्रकरण सांगतो. कारखान्याचं नाव सांगत नाही.

कुपवाड एमआयडीसीतला मशिनिंगचा कारखाना. तिथून लेथवरचं टर्निंग स्क्रॅप भंगारवाल्याला विकलं जायचं. गाडी बाहेरच्या वजनकाट्यावर जायची, गेटवरचा वॉचमन पावतीचा फोटो काढून डिस्पॅचच्या क्लार्कला व्हॉट्सअ‍ॅप करायचा आणि क्लार्क तो मेलला जोडून अकाउंट्सला पाठवायचा. एका गाडीच्या पावतीवर भरलेलं वजन १४,३६० किलो होतं आणि रिकाम्या गाडीचं ५,९४०. म्हणजे माल ८,४२०. बिल झालं ६,४२० किलोचं, आणि बिलाच्या फाईलला लावलेल्या पावतीवरही ६,४२०च. एक आकडा बदलला आणि २,००० किलो गायब. ३२ रुपये दराने एका गाडीत ६४,००० रुपये.

आता संशय कोणावर होता? अकाउंट्समधल्या दोघांवर. खरी पावती कोणाकडे होती? डिस्पॅचच्या काकांच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये. काकांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, आणि म्हणूनच त्यांच्याकडची प्रत महत्त्वाची होती. ज्याने आकडा बदलला तो आपल्या मेलबॉक्समध्ये मूळ पावती ठेवत नाही. म्हणून असलं पत्र स्टोअर, गेट, डिस्पॅच, खरेदी, आयटी अशा सगळ्यांना जातं. आपलं नाव यादीत आहे याचा अर्थ कागद आपल्या हातून गेला आहे, एवढाच.

सर्व्हरचा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो. काकांनी हाच मेसेज वाचून मेलबॉक्स साफ केला. जुने मेल उडवले, वर ट्रॅशही रिकामं केलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, «साहेब, बॉक्स भरला म्हणून सारखं लाल अक्षरात येत होतं. आणि सर्व्हरवर असतंयच की.»

कारखान्याचे मेल गूगल वर्कस्पेसवर होते. तिथे डिलीट केलेला मेल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो. ट्रॅशमधूनही गेला, तर अ‍ॅडमिनला तो परत आणायला त्यापुढे २५ दिवस मिळतात. त्यानंतर तो कोणालाच आणता येत नाही, कंपनीच्या मालकालाही नाही. अपवाद असतो, त्या मेलबॉक्सवर आधीच ‘होल्ड’ लावलेला असेल तर; मग डिलीट केलेला मेलही जपून राहतो. ही सोय सगळ्या प्लॅनमध्ये नसते. इथे होती, पण ती संशयित दोघांच्या खात्यांपुरतीच लावली होती, कारण काकांकडे काय आहे हे तोवर कोणाला माहीतच नव्हतं. (ही चूक आमची. पत्र सगळ्यांना दिलं, होल्ड दोघांनाच लावला.) काकांनी ट्रॅश रिकामं केल्याचं आम्हाला १९व्या दिवशी कळलं. अ‍ॅडमिनने त्याच संध्याकाळी मेल परत आणले. हातात सहा दिवस उरले होते. मायक्रोसॉफ्टच्या मेलवर हीच मुदत साधारणपणे १४ दिवस असते, म्हणजे तिथे १९व्या दिवशी हात हलवत परत यावं लागलं असतं.

काकांवर कारवाई झाली का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. नाही. पुरावा कोर्टासमोर किंवा सरकारी अधिकाऱ्यासमोर येऊ नये या हेतूने दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे हेतू बघतात. काकांचा तसा हेतू नव्हता हे दिसत होतं. पण पत्र मिळाल्याची सही करून पाच दिवसांनी मेल उडवले, की हेतू नव्हता हे समजावत बसायची वेळ आपल्यावर येते. काकांना त्यासाठी दोन वेळा बसावं लागलं.

स्क्रीनशॉटचं म्हणाल तर, त्या कारखान्यात बदललेली पावती हीसुद्धा एक चित्रच होती. आमच्यापुढे दोन चित्रं आली असती, एकावर ८,४२० आणि दुसऱ्यावर ६,४२०. कोणतं खरं, हे चित्र बघून कसं ठरवणार? मूळ मेलला मात्र हेडर असतं: कुठल्या सर्व्हरवरून निघाला, कुठून गेला, किती वाजता, आणि त्याचा स्वतंत्र Message-ID. जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांवरच्या Show original वर गेलात तर ते दिसतं. काकांचा मेल गाडी गेटबाहेर पडल्यावर ४० मिनिटांत गेला होता आणि बिल दुसऱ्या दिवशीचं होतं. स्क्रीनशॉटमध्ये यातलं काहीच राहत नाही. स्वतःलाच फॉरवर्ड केलं तरी तो नव्या तारखेचा, नव्या हेडरचा दुसरा मेल होतो. तो घरच्या जीमेलवर पाठवला तर कंपनीची माहिती बाहेर नेल्याचा प्रश्न वेगळा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७ सुद्धा रेकॉर्ड मूळ स्वरूपात, पाठवणारा, मिळवणारा, तारीख आणि वेळ कळेल असं ठेवायला सांगतं. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे कोर्टात इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डबरोबर जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी ही व्हॅल्यू पूर्ण बदलते. म्हणून मेल आहे तिथे, आहे तसा राहू द्या. फोल्डर नीट लावायचा मोहसुद्धा नको. प्रत आयटीवाले काढतील.

मोबाईल आपला आहे, हे खरंच. कंपनी तो हिसकावून घेऊ शकत नाही, आणि जपून ठेवायला सांगणं म्हणजे घरच्या गप्पा वाचणं नव्हे. पण वॉचमनच्या फोनमधला फोटो कामाचा होता, आणि खरं तर तोच सगळ्यात मूळचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी काढला ही आतली नोंद गळून पडते. ती राहते फक्त ज्याने काढला त्याच्या गॅलरीत. या वॉचमनने फोन भरला म्हणून गॅलरी आधीच रिकामी केली होती. पत्र यायच्याही आधी, त्यामुळे त्याचा दोष नाही. चॅटवर ‘डिसअ‍ॅपिअरिंग मेसेजेस’ सात दिवसांवर लावलेले होते, तेही कोणीतरी जागा वाचवायला. पत्र हाती आलं की निदान कामाच्या ग्रुपवरचं हे सेटिंग बंद करायचं आणि ‘क्लिअर चॅट’ला हात लावायचा नाही.

सूचना उठली असं लेखी कळेपर्यंत ती चालूच असते. चौकशी संपल्याची चहाच्या टपरीवरची बातमी पुरत नाही. त्या कारखान्यात ती चार महिन्यांनी उठली. तोवर काकांनी मेलबॉक्सची जागा वाढवून मागितली आणि आयटीने ती दिली. आधीच मागितली असती तर हे सगळं टळलं असतं, असं ते आता स्वतःच सांगतात.