परदेशातून : येन वाढायला हवा होता, तो का वाढला नाही

"दादा, आपल्याकडं महागाई जास्त, तुझ्याकडं जवळजवळ नाहीच. मग येन वाढतच जाणार की नाही? अनगोळच्या घराचं कर्ज आत्ता फेडूया, की पैसे तिकडंच राहू देत?" : धाकटा भाऊ, बेळगाव

माझं मत फेडण्याकडं झुकतं. पण भावाचा तर्क चुकीचा आहे म्हणून नव्हे. तर्क बरोबर आहे, फक्त तो ज्यावर टेकलाय तो आकडा भलताच लवचीक आहे.

दोन देशांत महागाई वेगवेगळी असली की जास्त महागाईचं चलन तेवढ्या फरकानं घसरतं, असं क्रयशक्ती समतेचं गणित सांगतं. गुस्टाव्ह कॅसेल या स्वीडिश अर्थतज्ज्ञानं पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला हा विचार मांडला. आजच्या दराला आपल्या किंमतवाढीनं गुणायचं आणि त्यांच्या किंमतवाढीनं भागायचं, एवढंच काम. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री चालवणारा माझा चुलतभाऊ हे तोंडी करतो. "आपली सहा, त्यांची दोन, म्हणजे चार टक्के. दरवर्षी चार टक्के येन वर. ह्यात काय मोठं?" एका वर्षासाठी ही वजाबाकी चालून जाते. दहा वर्षांसाठी मात्र निर्देशांकांचं गुणोत्तरच घ्यावं लागतं, कारण दरवर्षीच्या छोट्या चुका साठत जातात. त्याची खरी गफलत आहे ती "दरवर्षी" या शब्दात.

आधी झालेल्या दशकावर हे गणित लावून बघू. जानेवारी 2014 मध्ये शंभर येनला साधारण साठ रुपये पडत. तिथून जानेवारी 2024 पर्यंत भारताचा ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे 63 टक्क्यांनी वाढला, जपानचा सुमारे 12 टक्क्यांनी. 1.63 ला 1.12 नं भागलं की 1.455 येतात. साठला त्यानं गुणा, 87 रुपये. म्हणजे दहा वर्षांनी शंभर येनला 87 रुपये मिळायला हवे होते. मिळत होते 57. येन वाढायचा सोडून किंचित उतरला होता.

हाच हिशेब डॉलरचा करा. 2014 च्या सुरुवातीला 62 रुपये, आणि दहा वर्षांत अमेरिकेतली किंमतवाढ सुमारे 32 टक्के. उत्तर 77 च्या आसपास येतं. प्रत्यक्षात डॉलर 83 वर होता. इथं रुपया गणितापेक्षा थोडा जास्त पडला, येनसमोर गणितापेक्षा कितीतरी जास्त चढला. सूत्र तेच, दशक तेच, रुपयाही तोच.

हे मी घरच्या फोनवर सांगितलं तेव्हा मागून काकूंचा आवाज आला, "मग आमच्या संजूनं दिरहम पाठवायचे थांबवू काय?" दिरहम डॉलरला बांधलेला आहे, 1997 पासून एका डॉलरला 3.6725. त्यामुळं संजूचा प्रश्न डॉलरचाच आहे, दुबईतली महागाई काही का असेना. काकूंना ते पटलं नाही. त्यांच्या मते दुबईत भाडी एवढी वाढलीत तर दिरहम पडायलाच हवा.

येनचं काय झालं ते इथं जपानात राहून दिसतं. मी आलो तेव्हा किंमत वाढत नाही हा इथला अलिखित नियम होता. 2016 मध्ये गारीगारी-कुन नावाचं बर्फाचं गोळ्यासारखं आइस्क्रीम पंचवीस वर्षांत पहिल्यांदा महागलं, साठचं सत्तर येन झालं, आणि कंपनीनं टीव्हीवर जाहिरात केली तीत अध्यक्षांसह कर्मचारी वाकून माफी मागत उभे होते. आपल्याकडं गणपतीच्या आधी कुंद्याचा भाव वाढला म्हणून कोण माफी मागतंय?

पण किंमती न वाढणं हेच बँक ऑफ जपानला नको होतं. 2013 पासून तिनं महागाई दोन टक्क्यांवर नेण्यासाठी प्रचंड प्रमाणात रोखे विकत घेतले आणि 2016 मध्ये व्याजदर शून्याच्याही खाली नेला. 2022 पासून अमेरिकेनं व्याज शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांच्या वर चढवलं, जपान जागच्या जागी राहिला. मग येनमध्ये स्वस्तात कर्ज काढून ते पैसे डॉलरमध्ये लावणाऱ्यांची रांग लागली. जुलै 2024 मध्ये डॉलर 160 येनच्या पलीकडं गेला. क्रयशक्तीचं गणित मालाच्या व्यापाराकडं बघतं. चलनाच्या बाजारात रोज फिरणारा पैसा मात्र बहुतांशी मालासाठी फिरतच नाही, तो व्याजाच्या मागं असतो.

मालापुरतंही हे गणित पूर्ण लागू पडत नाही, आणि ते समजायला जपानला यायची गरज नाही. कर्नाटकातलं निपाणी आणि महाराष्ट्रातलं कागल, मध्ये कोगनोळी. चलन एक, अंतर काही किलोमीटर. तरी कर्नाटकात डिझेल बरीच वर्षं स्वस्त होतं, म्हणून महाराष्ट्रात शिरण्याआधी ट्रकवाले टाकी भरून घेत. कराचा फरक आहे तोवर दोन्हीकडचा भाव जुळणार नाही. सेवांचं तर विचारूच नका. टिळकवाडीतल्या केस कापायच्या दराचा आणि नागोयातल्या दराचा व्यापार होऊ शकत नाही, पण दोन्ही आपापल्या निर्देशांकात बसलेले असतात. आपल्या निर्देशांकात जवळपास 46 टक्के वजन अन्नाचं होतं, जपानच्या निर्देशांकात साधारण सव्वीस. एका वर्षी कांदा-टोमॅटो भडकले म्हणून फाउंड्रीतलं कास्टिंग परदेशात महाग ठरत नाही. त्यामुळं निर्यातदारानं किरकोळीऐवजी घाऊक निर्देशांक घेऊन बघावं असं मी चुलतभावाला सांगतो. घाऊक भाव त्या दशकात किरकोळीपेक्षा बरेच कमी वाढले, म्हणजे रुपया "पडायला हवा होता" तो आकडाही कमी निघतो. त्याला हे आवडत नाही. त्याला डॉलर शंभरला गेलेला बघायचाय.

शेजारचे अप्पा बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झाले. ते या सगळ्यात एकटेच शांत असतात. त्यांचं म्हणणं, एका चलनाकडं बघून काहीच बोलू नये, रिझर्व्ह बँक चाळीस चलनांविरुद्धचा महागाई वजा केलेला दर काढते तो बघावा. 2015-16 चा शंभर धरला तर 2024 च्या अखेरीस तो 108 च्या वर गेला होता. डॉलरसमोर रुपया पडल्याची आरडाओरड चालू असताना चाळीस जणांच्या सरासरीसमोर तो महाग झाला होता. मग 2025 आलं. ऑक्टोबरात आपली किरकोळ महागाई पाव टक्क्यावर, अमेरिकेची तीनच्या आसपास, आणि तरी डिसेंबरात डॉलरनं नव्वदी ओलांडली. घरच्या व्हॉट्सॲप गटात लगेच देशाच्या अब्रूची चर्चा सुरू झाली. महागाई नसताना रुपया पडतो म्हणजे काहीतरी कट आहे, असंही एकानं लिहिलं. अप्पांनी एवढंच लिहिलं, "साठलेलं उतरलं." अमेरिकेनं लावलेलं आयातशुल्क आणि परदेशी गुंतवणूकदारांची विक्री हीदेखील कारणं होतीच, पण अप्पांचा मुद्दा मला पटतो.

रुपयाच्या घसरणीवरून घरी जो वाद होतो त्यात मला हे खटकतं. महागाईच्या फरकाएवढा रुपया पडला तर कुणाचं काही गेलं नाही. उद्यमबागेतल्या माणसाला डॉलरमागं जास्त रुपये मिळाले, पण मजुरी आणि वीजही तेवढीच महागली. खरा फायदा-तोटा त्या फरकाच्या वरखाली जे होतं त्यात आहे. आणि तो तोटा मी बघतोय तो जपानमध्ये. भाव फारसे न वाढलेल्या देशाचं चलन पडलं, त्यामुळं इथल्या पगारदाराला परदेश प्रवास परवडेना, आणि बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना रामेनचा वाडगा फुकटासारखा वाटायला लागला. इथं कुणी याला अब्रूचा प्रश्न म्हणत नाही. ते वीजबिलाबद्दल बोलतात.

आता कर्जाचं. आज शंभर येनला 58 रुपये धरू. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य चार टक्के, जपानचं दोन. पाच वर्षांचा फरक लावला तर 58 चे 64 होतात. जपान परत अर्ध्या टक्क्यावर घसरला तर 69. एक लाख येन आज पाठवले तर 58 हजारांचं कर्ज कमी होतं. आठ टक्के व्याजाच्या कर्जावर पाच वर्षांत त्याचं मोल सुमारे 85 हजार. तेच येन इथं अर्ध्या टक्क्यानं ठेवले तर एक लाख अडीच हजार येन होतील. म्हणजे थांबणं परवडायला शंभर येनचे 83 रुपये व्हायला हवेत. 64 आणि 83 मध्ये बरंच अंतर आहे.

भावानं हे ऐकून घेतलं आणि बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "पण तूच म्हणालास की 2014 पासून मोजलं तर 87 व्हायला हवे होते. ती रेघ पुढं ओढली तर नव्वदीच्या वर जाईल की."

जाईल. मी 64 काढताना आजचा दर योग्य मानला, त्यानं 2014 चा. सूत्र सुरुवातीचा दर बरोबर होता की नाही हे तपासत नाही, तुम्ही द्याल तो घेतं. रुपया ऑगस्ट 2013 मध्ये घबराटीत डॉलरला 68 पर्यंत गेला होता, त्याच वर्षी एप्रिलमध्ये 54 होता. या दोन महिन्यांपासून मोजलेली उत्तरं एकमेकांना ओळखणार नाहीत. म्हणून एक महिना न घेता कित्येक वर्षांची सरासरी घ्यावी. तेही पुरत नाही, कारण वेगानं वाढणाऱ्या देशात सेवा महागत जातात आणि त्याचं चलन समतेच्या रेघेपेक्षा हळूहळू वर सरकतं. भारत-जपान जोडीत ती रेघ स्वतःच किती सरकली याचं एकमत नाही.

अर्थतज्ज्ञ केनेथ रोगॉफ यांनी 1996 मध्ये अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा असं दिसलं होतं की समतेपासून ढळलेला दर निम्मा परत यायलाच तीन ते पाच वर्षं लागतात. भावाची रेघ खरी धरली तरी पाच वर्षांत येन सगळं अंतर कापेल असं नाही. माझे 64 आणि त्याची पाच वर्षांनंतरची रेघ यांतलं निम्मं कापलं तर तो 80 च्या आसपास पोचतो, म्हणजे 83 च्या जवळ, पण अलीकडंच. शिवाय परत येणं येन वाढूनच होईल असंही नाही. जपानात महागाई वाढून आणि आपल्याकडं कमी राहूनही तीच तूट भरून निघते, आणि मग दर जागचा हलत नाही. 2022 नंतर थोडंसं तसं होतंयही.

अप्पा म्हणाले, दोन तृतीयांश पाठव, बाकी राहू दे. भावाला सगळे येन ठेवायचेत. मी या महिन्यात निम्मे पाठवले. बाकीच्यांचं मार्चमध्ये कर्जाच्या व्याजाचा नवा दर कळला की बघू, कारण तो साडेसातवर आला तर ते 83 चे 81 होतात, आणि भावाच्या म्हणण्याला तेवढं बळ येतं.