एसओएसचं बटण राहिलं की!

गाडीतल्या इंटरनेटवरच्या सोयींबद्दल लोक म्हणतात, "मोफत ट्रायल संपली तरी गाडी तीच राहते, निवड करताना याचा विचार नको." हे अर्धंच खरं आहे. माझ्या गाडीची तीन वर्षांची मोफत मुदत संपली तेव्हा अँड्रॉइड ऑटो आणि रिव्हर्स कॅमेरा चालूच राहिले, कारण एक फोनच्या नेटवर चालतं आणि दुसऱ्याला नेट लागतच नाही. बंद पडलं ते गाडीतल्या सिमवर चालणारं, म्हणजे घरातून ॲपवर एसी सुरू करणं, गाडी कुठे उभी आहे ते बघणं. एसीचं दुःख नाही, पहिल्या उन्हाळ्यानंतर तो तसा सुरू केलाच नव्हता. पण आरशाजवळचं एसओएसचं बटणही त्याच सिमवर होतं, आणि ते बायकोनं सहज दाबून पाहिलं तेव्हा कळलं!

शोरूममध्ये मी आता एकच विचारतो, "फोन घरी विसरलो तर यातलं काय चालेल, आणि त्याला चौथ्या वर्षी किती पडतील?" आकडा कोटेशनवर लिहून घ्यायचा. दोन व्हेरिएंटमध्ये फरक फक्त ॲपचा असेल तर मी खालचाच घेईन. वरच्यात एअरबॅग जास्त असतील तर गोष्ट वेगळी. आणि पैसे भरायची तयारी असूनही भागेलच असं नाही: अमेरिकेत 2022 मध्ये थ्रीजी बंद झालं, तेव्हा ज्यांचं सिम त्यावर चालायचं अशा कित्येक जुन्या गाड्यांची ही सेवा कायमची गेली.