ग्रेस मिळालेल्या पोरीला नापास करू नका

निकाल लागला की आमच्या शहाद्याच्या दुकानात फॉर्म भरायला गर्दी होते. निम्मी पोरं मार्कशीट घेऊन येतच नाहीत, व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात आणि म्हणतात, "दादा, तुम्हीच बघा ना काय भरायचं ते." बघतोच. पण या आठवड्यात एक प्रकार पाहून डोकं फिरलं, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

तोरणमाळकडची एक मुलगी. पुढच्या प्रवेशाच्या अर्जात कुणीतरी तिचा एसजीपीए ६.६४ भरला आणि निकालाच्या रकान्यात 'एटीकेटी' टाकलं. अर्ज परत आला. पोरगी रडवेली होऊन विचारते, "दादा, मी पास शे का नापास शे?" पास होती. मार्कशीटवर तसं छापलेलंही होतं, फक्त फोटोत खालची ओळ कापली गेली होती. मग ज्याने फॉर्म भरला त्याने आकडा स्वतःच काढला, आणि तिथेच घोळ झाला.

तिचं सत्र असं होतं. चार-चार क्रेडिटचे चार पेपर, त्यात ग्रेड A+, A, B+ आणि P. दोन-दोन क्रेडिटची दोन प्रात्यक्षिकं, O आणि A+. आणि दोन क्रेडिटचा एक छोटा विषय, B. एकूण क्रेडिट २२. मार्कशीटमागच्या तक्त्यात O म्हणजे १०, A+ म्हणजे ९, A म्हणजे ८, B+ म्हणजे ७, B म्हणजे ६, C म्हणजे ५, P म्हणजे ४ आणि F म्हणजे शून्य. यूजीसीची दहा गुणांची पद्धत हीच आहे. आता प्रत्येक विषयात क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट करायचं: ३६, ३२, २८, १६, २०, १८, १२. बेरीज १६२. तिला २२ ने भागलं की ७.३६. झालं.

मग ६.६४ कुठून आलं? त्या P वाल्या पेपरातून. हा पेपर १०० गुणांचा, लेखी ६० आणि अंतर्गत ४०, दोन्हीत वेगवेगळं ४० टक्के पाहिजे. म्हणजे लेखीत किमान २४ आणि अंतर्गतमध्ये किमान १६. तिला अंतर्गतमध्ये बरोबर १६ होते, लेखीत २१. लेखीच्या रकान्यात छापलं होतं 21+3, आणि एकूणच्या रकान्यात ४० च्या पुढे ग्रेसची खूण. भरणाऱ्याने काय केलं, २१ आणि १६ मिळून ३७ धरले, "चाळीसच्या आत आहे, म्हणजे F" म्हणून शून्य टाकलं. १६२ मधून १६ गेले, १४६ राहिले, भागिले २२, ६.६४. समोर छापलेला P त्याने वाचलाच नाही, किंवा वाचून खोटा ठरवला.

इथे माझं मत स्पष्ट आहे. ग्रेस मिळालेला पेपर पासच असतो. ते ३ गुण विद्यापीठाने नियमाने दिलेत आणि ते धरूनच ग्रेड लावलाय. फॉर्म भरणाऱ्याने गुणांवरून ग्रेड नव्याने ठरवायचाच नसतो. छापलेलं अक्षर घ्यायचं, त्याचा पॉइंट लावायचा, बस. 'खरे गुण तर ३७च' असं तोंड वाकडं करून म्हणणारे मी पाहिलेत. अरे बाबा, परीक्षा विभागाने निर्णय दिलाय, तू कोण?

याच्या उलटी चूकही होते. काही जण ४० च्या पुढची खूण पाहून आणखी ३ मिळवतात आणि ४३ लिहितात. त्याची तपासणी सोपी आहे: लेखी २४ आणि अंतर्गत १६, ४० होतात. म्हणजे एकूणमध्ये ग्रेस आधीच धरलाय. तिच्या सगळ्या विषयांची बेरीज ५५० पैकी ३७४ छापली होती, ती ४० धरूनच जुळते. ३७ धरले तर ३७१ होते, ४३ धरले तर ३७७. फोटोत काही अंधुक असेल तर ही बेरीज आधी लावून बघा.

आणि फोटोचं तर विचारूच नका. घडी घातलेल्या मार्कशीटची घडी नेमकी ग्रेडवर येते आणि A+ चा + गायब होतो. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते. O आणि शून्य तर सख्खे भाऊ. पण चूक कुठे आहे हे शोधायला माझ्याकडे एक युक्ती आहे. छापलेला एसजीपीए दिसत असेल तर तुमच्या आणि छापलेल्या आकड्यातला फरक एकूण क्रेडिटने गुणा. समजा तुमचं उत्तर ७.१८ आलं आणि छापलंय ७.३६. फरक ०.१८, गुणिले २२, जवळजवळ ४. म्हणजे बहुधा चार क्रेडिटच्या एखाद्या पेपरात एक पायरी चुकलीय, कुठेतरी + हरवलाय. (दोन क्रेडिटच्या विषयात दोन पायऱ्या चुकल्या तरी ४ येतात, पण फोटोत + हरवणं जास्त घडतं.) फरक १६ आला तर कुणीतरी P ला F केलंय. २० आला तर प्रात्यक्षिकाचा O शून्य झालाय. छापलेला आकडा दोन दशांशांपर्यंतच घेतलेला असतो, म्हणून १५.८४ ला १६ समजा. आणि तुमचं उत्तर ७.५७ आलं असेल तर ग्रेड बरोबर आहेत, पण तुम्ही साती विषयांची नुसती सरासरी काढलीय, क्रेडिट धरलेच नाहीत. हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय, आणि आकडा वाढून येतो म्हणून कुणी तक्रारही करत नाही.

एक्सेलमध्ये करत असाल तर C रकान्यात क्रेडिट, D मध्ये ग्रेड, आणि तक्ता H आणि I मध्ये:

```
E2:  =VLOOKUP(D2,$H$2:$I$9,2,FALSE)
E9:  =SUMPRODUCT(C2:C8,E2:E8)/SUM(C2:C8)
```

E2 चं सूत्र E8 पर्यंत ओढून घ्या. तो शेवटचा FALSE गाळू नका. गाळला की एक्सेल 'जवळचं' काहीतरी शोधतं, आणि चुकीचा आकडा बिनधास्त देऊन टाकतं. पॉइंटच्या रकान्यात हाताने भरताना १० ऐवजी O अक्षर गेलं तर SUMPRODUCT कुरकुर न करता त्याला शून्य धरतं. तसंच 21+3 नुसतं टाइप केलं तर तो मजकूर होतो आणि SUM त्याला सरळ वगळतं. तिथे 24 लिहा. परीक्षेला गैरहजर असेल तर शून्य पॉइंट, पण त्या विषयाचे क्रेडिट भाजकात राहतातच. ते काढून टाकलेत तर गैरहजर राहणाऱ्याचा एसजीपीए वाढेल!

टक्केवारीचा रकाना ही वेगळीच कटकट. ७.३६ ला १० ने गुणून ७३.६ टक्के भरणारे खूप आहेत. तिचे ५५० पैकी ३७४ म्हणजे बरोबर ६८ टक्के. दोन्ही आकडे एकाच मार्कशीटचे, पण फॉर्म कोणता मागतोय ते वाचा. एसजीपीएवरून टक्के काढायचं सूत्र विद्यापीठाने दिलं असेल तर तेच वापरायचं, स्वतःच्या मनाचं नाही.

आणि पोरांनो, फोटो पाठवताना मार्कशीट टेबलावर सपाट ठेवा, वरून काढा, चारही कोपरे येऊ द्या, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो टाकला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि तुमचा + तिथेच मरतो. मागच्या बाजूचाही फोटो हवा. ग्रेडचा तक्ता आणि ग्रेसच्या खुणांचा अर्थ बहुतेक वेळा मागेच छापलेला असतो. थोरल्या भावाच्या मार्कशीटचा तक्ता चालणार नाही. पॅटर्न बदलला की तक्ताही बदलू शकतो, म्हणून ज्याची मार्कशीट त्याचाच तक्ता.