ट्रायेजची पाळी म्हणे!

ट्रायेज म्हणजे ग्राहकांकडून आलेली बगची तिकिटं तपासून योग्य माणसाकडे पाठवायचं काम. आमचं ट्रायेज रोटेशन म्हणजे एक एक्सेल शीट. प्रत्येक आठवड्यापुढे एकेकाचं नाव, बस्स. त्या माणसाने दिवसभर करायचं काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. मग एक जण येईल तो बग स्वतःच सोडवत बसतो आणि मागे तिकिटांचा ढीग लागतो. दुसरा प्रत्येक तिकिटाखाली ‘बघतो’ एवढंच लिहून मोकळा.

एका ग्राहकाने कळवलं, रात्री बारानंतर केलेल्या बिलावर आदल्या दिवसाची तारीख येते. पाळीवरच्या पठ्ठ्याने सकाळी अकराला बिल करून पाहिलं. तारीख बरोबर! ‘रिप्रोड्यूस होत नाही’ म्हणून तिकीट बंद. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ग्राहकाची तीच रड. नव्या माणसाने जुनी तिकिटं शोधलीच नाहीत, स्क्रीनशॉट मागवला आणि त्याची पाळी संपली. स्क्रीनशॉट आला, पण बघणार कोण? शेवटी १ एप्रिलच्या पहाटेची बिलं ३१ मार्चच्या तारखेने मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसली, तेव्हा बोंब झाली. कारण काय, तर सर्व्हर तारीख यूटीसीप्रमाणे लावत होता आणि आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्र ते पहाटे ५:३० मधलं प्रत्येक बिल चुकणारच. दोन्ही तिकिटं शेजारी ठेवून नुसत्या वेळा वाचल्या असत्या तरी कळलं असतं हो!

अरे, लिहून ठेवा ना! सकाळी आल्यावर आधी कुणी हात न लावलेली तिकिटं उघडायची. असंच जुनं तिकीट आहे का ते शोधायचं, असेल तर जोडायचं. ग्राहकाने सांगितलेल्या वेळेला, त्याच्यासारख्याच सेटिंगवर बग पुन्हा होतो का ते पाहायचं. किती गंभीर ते ठरवून योग्य माणसाकडे द्यायचं. कुठला बग आधी सोडवायचा ते प्रॉडक्टवाले ठरवतील, आणि दुरुस्ती ज्याचं मोड्यूल तो करेल. दुपारी, माहिती मागवलेल्या तिकिटांवर उत्तर आलंय का ते बघायचं. आणि पाळी बदलताना पंधरा मिनिटं बोलून अर्धवट राहिलेलं एकेक तिकीट नव्या माणसाच्या गळ्यात घालायचं. तेही बुधवारी. सोमवारी शनिवार-रविवारचा साचलेला ढीग असतो, त्यात हँडओव्हर कोण ऐकतंय?

हे मीटिंगमध्ये मांडलं तर मॅनेजरसाहेब म्हणतात, ‘‘सगळे सीनियर आहात, एवढं काय लिहायचं?’’ वर पाळीवरच्याला स्प्रिंटचं काम इतरांइतकंच! मग तो ट्रायेज करणार कधी, रात्री जेवल्यावर? बरं, पुढच्या आठवड्याची पाळी कुणाची म्हणून शीट उघडली, तर नाव आहे नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं.