चार गॉब्लिन आणि एक पांडुरंग

अरे निखिल,

रविवारी तू पहिल्यांदा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, म्हणून बसणार आहेस हे कळलं, आणि तीन आठवडे झाले राज्याचा इतिहास लिहितोयस हेपण कळलं, सात राजघराणी, नकाशा, वंशावळ, सगळं. झकास. त्यातलं कोणी काहीही विचारणार नाहीये. ते विचारतील, "दारावरच्या पहारेकऱ्याचं नाव काय?"

माझ्याकडे पहिल्या सेशनला चाळीस पानं होती आणि पहारेकऱ्याला नाव नव्हतं. समोर भिंतीवर आईचं विठोबाचं कॅलेंडर. तोंडातून निघालं, "पांडुरंग". बुटक्यांचा दगडी किल्ला, गुडघ्यापर्यंत दाढी, हातात कुऱ्हाड, नाव पांडुरंग. झालं, पुढची पंचवीस मिनिटं चौघंही गुहेत जायचं सोडून त्याला मुलंबाळं किती, ड्युटी किती तासांची, पगार वेळेवर होतो का, हेच विचारत बसले. म्हणून सांगतो, इतिहास बाजूला ठेव आणि एका कागदावर दहा नावं लिहून ठेव, वापरलं की खोड आणि शेजारी कुणाला दिलं तेपण लिही, कारण पुढच्या वेळी तू विसरलेला असतोस आणि ते विसरत नाहीत.

दुसरा घोळ दाराचा. देवळात एक गुप्त दार, ते सापडलं तरच पुढची गोष्ट. डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, ठेवला 15. चौघांनाही फाशात मिळवायला साधारण +3, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 12 किंवा वर हवा, एकाला जमायची शक्यता 45 टक्के. चौघंही एकदम नापास व्हायची शक्यता शंभरात नऊ, म्हटलं होतंय कुठे! आले 6, 3, 9 आणि 11. त्यानंतरच्या शांततेत आमच्या फ्रिजचा आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. शेवटी पांडुरंगला देवळात आणला, ठेच लागून भिंतीवर पाडला, दार उघडलं. तेव्हापासून ज्याच्यावाचून गोष्ट अडेल ते मी फाशावर ठेवतच नाही. दार सापडतंच, फासा फक्त एवढं ठरवतो की पटकन सापडलं की अर्धा तास ठोकाठोक करून, आणि ती ठोकाठोक आतल्यांनी ऐकली का.

आता आत कोण, तर गॉब्लिन. इथे नीट लक्ष दे. 2014 च्या रूलबुकात गॉब्लिनचा जीव 7 एचपीचा, म्हणजे चिल्लर वाटतो. मी चार प्लेयरसमोर चार सोडले, माणशी एक, हिशोब बरोबर ना? नाही! एकाला मारल्याचे 50 पॉइंट, म्हणजे एक्सपी, चौघांचे 200, पण पुस्तक म्हणतं की तीन ते सहा शत्रू असले तर दुप्पट धरा, झाले 400. आणि पहिल्या लेव्हलच्या चार जणांसाठी 'डेडली', म्हणजे जीवघेण्या, लढाईची सुरुवात बरोब्बर 400 ला. हे गणित मी नंतर केलं, तेव्हा आमचा विझार्ड आडवा होता. त्याला सगळे मिळून 7 एचपी, गॉब्लिनचा एक बाण 3 ते 8 चं नुकसान करतो, त्याला पहिल्याच राउंडला दोन लागले. दोन पानी बॅकस्टोरी लिहून आणलेला मुलगा पाऊण तास डेथ सेव्ह टाकतोय, 10 किंवा वर तीनदा आलं तर तग धरला, खाली तीनदा आलं तर खलास, आणि त्याला बरा करणारा क्लेरिक कुठे, तर किचनमध्ये भजी आणायला.

तू दोन सोड. दोघांचे 100, दोनला दीडपट, 150, म्हणजे 'ईझी'. फारच सोपं जायला लागलं तर तिसऱ्या राउंडला मागच्या बोगद्यातून अजून दोन येऊ देत, ते आधीपासून होते की तू आत्ता आणले हे कुणाच्या बापाला कळत नाही. उलटं मात्र अवघड आहे, समोर उभे केलेले गॉब्लिन गायब करता येत नाहीत. आणि अर्धे मेले की उरलेल्यांना पळव, पगार न मिळणारा गॉब्लिन मरेपर्यंत कशाला लढेल? काहीजण पडद्याआड फासे बदलतात, मला ते जमत नाही, माझा चेहरा लगेच बोलतो, म्हणून मी फासे बदलण्याऐवजी गॉब्लिन मोजतो.

विझार्ड वाचला. भजी ठेवून क्लेरिक आला आणि त्याने 1 एचपीवर उभा केला, तोवर पांडुरंगने कुऱ्हाडीने एक गॉब्लिन उडवला होता, त्याला स्टॅट्स नव्हते, मीच घाईत काहीतरी ठोकून दिले. आता तो नवव्या लेव्हलला आहे आणि पार्टीची तिजोरी सांभाळतो.

चारला बोलावलंयस म्हणे. पाच धर, एकजण साडेपाचला येणार आणि फासे त्याच्याच बॅगेत असणार. आणि त्या दहा नावांत पांडुरंग लिहू नकोस, तो आमचा आहे.

तुझा,
दादा