१५० मार्क म्हणजे ९८ पर्सेंटाइल? कोणत्या शिफ्टला?

«सीईटीला १५० मार्क म्हणजे ९८ पर्सेंटाइल फिक्स. शिफ्ट सोपी आली तर नॉर्मलायझेशनमध्ये मार्क कापतात. गेल्या वर्षी कट-ऑफ ९७ होता, ९८ वाल्याची सीट पक्की. सगळ्यांना पाठवा.»

हा मेसेज सगळ्यांना पाठवलाच कोणीतरी. अमळनेरच्या माझ्या भाचीला आला आणि पोरगी ऑप्शन फॉर्ममध्ये दोनच कॉलेजं टाकून मोकळी व्हायला निघाली. म्हणून हे लिहितोय.

मार्कांवरून पर्सेंटाइल सांगणारा तक्ता असूच शकत नाही. सीईटी सेलचा नियम एका ओळीचा आहे: तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क मिळालेले किती, भागिले त्या सत्राला बसलेले एकूण, गुणिले १००. दुसऱ्या सत्रातली पोरं या हिशेबात येतच नाहीत.

आकडे समजुतीपुरते घ्या. अवघड सत्राला २०,००० जण बसले आणि १५० किंवा त्याखाली १९,४०० राहिले, तर १५० ला ९७ पर्सेंटाइल. सोप्या सत्राला १८,००० बसले आणि १५० किंवा त्याखाली १६,९२० राहिले, तर त्याच १५० ला ९४. पीसीएमला एकूण तीन लाख धरले तर पहिल्याच्या वर साधारण ९,००० पोरं, दुसऱ्याच्या वर १८,०००. मार्क तेच, रँक दुप्पट लांब. आता सांगा भाऊ, ९८ आणलं कुठून?

मार्क कापण्याचं म्हणाल तर कोणी कापत नाही. मार्क आहेत तेच राहतात. सोप्या शिफ्टला त्याच मार्कांचं पर्सेंटाइल खाली येतं, एवढं मात्र खरं. शिवाय सगळ्या सत्रांत सारख्याच तयारीची पोरं बसली असं ही पद्धत धरून चालते, आणि ते तंतोतंत कधीच नसतं. हेही मान्य.

राहिला गेल्या वर्षीचा ९७. कॉलेजच्या सीटा तेवढ्याच राहिल्या आणि पोरं वाढली तर काय होतं बघा. शेवटची सीट ९,००० व्या रँकला गेली असेल आणि यंदा तीन लाखांचे ३.६ लाख झाले, तर तीच रँक ९७.५ वर जाते. म्हणून प्रवेशाच्या कॅप फेऱ्यांच्या कट-ऑफ पीडीएफमध्ये पर्सेंटाइलच्या वर छापलेला मेरिट नंबर बघा. तो कॅपला अर्ज केलेल्यांतला असतो, त्यामुळे परीक्षेला बसलेल्यांवरून काढलेल्या रँकपेक्षा लहान दिसतो. दोन्ही एकत्र मिसळू नका. शिवाय रकाना आपलाच आहे ना तेही तपासा. आपल्या विद्यापीठातल्या कॉलेजला खुल्या गटातून GOPENH लागू होतो, पुण्याचं विद्यापीठ आपल्याला बाहेरचं, म्हणून तिथल्या बिगर-स्वायत्त कॉलेजला आपण GOPENO मध्ये. बऱ्याच ठिकाणी या दोन रकान्यांत मोठी तफावत असते. भाचीला GOPENO च्या शेवटच्या फेरीचे नंबर काढायला बसवलंय. फॉर्ममध्ये कॉलेजं त्यानंतर.